उपदानाची गणना

उपदान (प्रचलित नाव ग्रॅच्युइटी) म्हणजे दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला नियोक्त्याने एकरकमी द्यावयाची वैधानिक रक्कम होय. भारतात खासगी क्षेत्रातील व अनेक सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचाऱ्यांसाठी ही रक्कम ‘उपदान प्रदान अधिनियम, १९७२’ या कायद्यातील सूत्रानुसार ठरत आली आहे. सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन, असे हे सूत्र थोडक्यात सांगता येते. हे पंधरा दिवसांचे वेतन त्या त्या वर्षीच्या पगारावर काढले जात नाही. कर्मचारी सेवेतून बाहेर पडताना ज्या दराने वेतन घेत असतो, त्याच दराने सगळ्या वर्षांचे उपदान मोजले जाते. त्यामुळे ‘अंतिम वेतन’ म्हणजे नेमके कोणते वेतन, हा या गणनेतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

## पार्श्वभूमी

या कायद्यापूर्वी उपदान हे बहुतांशी नियोक्त्याची मर्जी, कामगार संघटनेशी झालेला करार किंवा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा यांवर अवलंबून असे. केरळ व पश्चिम बंगाल या राज्यांनी १९७०च्या सुमारास आपापले कायदे केले. त्यानंतर संपूर्ण देशासाठी एकच कायदा असावा, या हेतूने संसदेने १९७२ मध्ये उपदान प्रदान अधिनियम संमत केला. तो १६ सप्टेंबर १९७२ रोजी अमलात आला. कारखाने, खाणी, तेलक्षेत्रे, मळे, बंदरे व रेल्वे कंपन्या यांना तो लागू झाला. दुकाने व इतर आस्थापनांच्या बाबतीत दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असणे ही अट होती. कर्मचाऱ्यांची संख्या एकदा दहा झाली की पुढे ती कमी झाली तरी कायद्याचे बंधन सुटत नाही.

निवृत्ती किंवा राजीनामा यांमुळे सेवा संपल्यास उपदान मिळण्यासाठी किमान पाच वर्षांची अखंड सेवा आवश्यक असते. मृत्यू किंवा अपंगत्व यांमुळे सेवा संपल्यास ही अट लागू होत नाही. वीस-तीस वर्षे नोकरी केलेल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत पात्रतेविषयी सहसा वाद नसतो. त्याच्या बाबतीत वाद उद्भवतो तो रकमेविषयी.

## सूत्र

मासिक वेतनावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचे उपदान पुढील सूत्राने काढले जाते :

उपदान = (अंतिम मासिक वेतन ÷ २६) × १५ × सेवेची वर्षे

सूत्रातील २६ व १५ या संख्या कायद्यानेच निश्चित केलेल्या आहेत. उरलेल्या दोन राशी, म्हणजे अंतिम वेतन आणि सेवेची वर्षे, प्रत्येक कर्मचाऱ्यागणिक बदलतात. या दोन्ही राशींचा कायदेशीर अर्थ बोलीभाषेतील अर्थापेक्षा थोडा वेगळा आहे.

## अंतिम वेतन

### वेतनाचे घटक

१९७२च्या अधिनियमानुसार कर्मचाऱ्याला कामावर असताना किंवा रजेवर असताना सेवेच्या अटींप्रमाणे मिळणारे रोख उत्पन्न म्हणजे वेतन. त्यात महागाई भत्ता समाविष्ट आहे. बोनस, कमिशन, घरभाडे भत्ता, अतिकालिक कामाचे वेतन आणि इतर कोणताही भत्ता मात्र त्यातून वगळला आहे. व्यवहारात याचा अर्थ मूळ वेतन अधिक महागाई भत्ता असा होतो.

यामुळे पगारपत्रकातील एकूण रक्कम आणि उपदानासाठी धरले जाणारे वेतन यांत मोठी तफावत असू शकते. एकाच आस्थापनेत समान एकूण पगार असलेल्या दोन कर्मचाऱ्यांपैकी एकाचे मूळ वेतन जास्त व दुसऱ्याचे भत्ते जास्त असतील, तर समान सेवेनंतरही त्यांच्या उपदानात फरक पडतो. जुने वेतनकरार असलेल्या कारखान्यांत महागाई भत्ता हा पगाराचा मोठा हिस्सा असतो, तर अनेक नव्या आस्थापनांत तो स्वतंत्रपणे दिलाच जात नाही. अशा ठिकाणी केवळ मूळ वेतन हेच गणनेचा आधार ठरत आले.

### ‘दर’ या शब्दाचे महत्त्व

कायद्यात शेवटच्या महिन्यात हाती पडलेल्या रकमेचा उल्लेख नाही. तेथे ‘शेवटी घेतलेल्या वेतनाचा दर’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे. एखादा कर्मचारी १० तारखेला सेवेतून मुक्त झाला आणि त्या महिन्यात त्याला दहाच दिवसांचा पगार मिळाला, तरी त्याचा मासिक दर कमी होत नाही. शेवटच्या महिन्यातील बिनपगारी रजा, कर्जाच्या हप्त्याची कपात किंवा भविष्य निर्वाह निधीची कपात यांनीही हा दर बदलत नाही. गणनेसाठी पूर्ण महिन्याचे, कपातीपूर्वीचे मूळ वेतन व महागाई भत्ता धरले जातात.

शेवटच्या दराने सर्व वर्षे मोजण्याचा एक परिणाम असा की, सेवेच्या अखेरीस झालेली वेतनवाढ मागच्या सगळ्या वर्षांना लागू होते. २९ वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्याच्या मूळ वेतनात निवृत्तीपूर्वी २,६०० रुपयांची वाढ झाली, तर त्याचे पंधरा दिवसांचे वेतन १,५०० रुपयांनी वाढते आणि उपदान १,५०० × २९ म्हणजे ४३,५०० रुपयांनी वाढते. भविष्य निर्वाह निधीत असे घडत नाही. तेथे प्रत्येक महिन्याचा हप्ता त्या महिन्याच्या वेतनावर जमा होतो आणि नंतरच्या वेतनवाढीने जुना हप्ता बदलत नाही.

याच कारणाने नियुक्तिपत्रातील वार्षिक खर्चाच्या तक्त्यात ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून दाखवलेल्या रकमांची बेरीज म्हणजे उपदान नव्हे. त्या तक्त्यात सहसा मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के रक्कम दाखवलेली असते. एका वर्षाच्या वेतनाशी पंधरा दिवसांच्या वेतनाचे जे प्रमाण पडते (१५ भागिले २६, आणि त्याला पुन्हा भागिले १२), ते एवढे आहे. ही नियोक्त्याने केलेली त्या वर्षापुरती अंदाजी तरतूद असते. प्रत्यक्ष देय रक्कम सेवा संपते त्या दिवशीच्या वेतनावरून नव्याने काढावी लागते.

### अपवाद

शेवटच्या दराच्या नियमाला कायद्याने एक अपवाद केला आहे. अपंगत्व आल्यानंतर कर्मचाऱ्याला कमी वेतनाच्या कामावर ठेवले गेल्यास, अपंगत्वापूर्वीच्या सेवेसाठी त्या काळातील वेतन व नंतरच्या सेवेसाठी कमी झालेले वेतन धरून दोन भागांत गणना केली जाते. अन्यथा उतरलेल्या दरामुळे आधीच्या सर्व वर्षांचे उपदान घटले असते.

## सव्वीसचा भाजक

महिन्याचे दिवस तीस असताना भागाकार २६ने का करावयाचा, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. मूळ अधिनियमात मासिक वेतनावरून पंधरा दिवसांचे वेतन कसे काढावे, हे स्पष्ट केलेले नव्हते. अनेक नियोक्ते मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम म्हणजे पंधरा दिवसांचे वेतन असे मानत. कर्मचाऱ्यांचे म्हणणे असे की, महिन्यातील चार साप्ताहिक सुट्ट्या वजा जाता मासिक वेतन प्रत्यक्षात २६ दिवसांच्या कामाबद्दल मिळते; म्हणून एका दिवसाचे वेतन काढताना २६नेच भागले पाहिजे.

दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूचा अर्थ मान्य केला. पुढे १९८७च्या दुरुस्तीने संसदेने कायद्यात स्पष्टीकरण जोडले आणि मासिक वेतनाला २६ने भागून १५ने गुणावे, असे शब्दांत नमूद केले. तेव्हापासून हा प्रश्न निकालात निघाला आहे.

आस्थापनेत आठवड्याचे पाच दिवस काम चालत असले किंवा सेवेचा शेवटचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असला, तरी भाजक २६च राहतो. फरक लहान वाटला तरी परिणाम मोठा आहे. २६ऐवजी ३०ने भागल्यास उपदान सुमारे १३.३ टक्क्यांनी कमी होते, मग वेतन व सेवा कितीही असो.

## सेवेच्या वर्षांची मोजणी

सेवेची वर्षे रुजू होण्याच्या दिनांकापासून सेवा संपण्याच्या दिनांकापर्यंत मोजली जातात. पूर्ण झालेले प्रत्येक वर्ष धरले जाते. शेवटी उरलेला भाग सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल, तर तोही एक पूर्ण वर्ष मानला जातो. सहा महिने किंवा त्याहून कमी असेल, तर सोडून दिला जातो. म्हणजे २८ वर्षे ७ महिन्यांची सेवा २९ वर्षे धरली जाते आणि २८ वर्षे ५ महिन्यांची सेवा २८ वर्षे. बरोबर सहा महिने उरल्यास ते सहा महिन्यांपेक्षा ‘जास्त’ नसल्याने वर्ष वाढत नाही.

ही मोजणी कॅलेंडर वर्षांनी किंवा आर्थिक वर्षांनी करावयाची नसते. रुजू होण्याचा दिनांक हाच तिचा आरंभबिंदू असतो. परिवीक्षेचा म्हणजे चाचणीच्या नेमणुकीचा काळही सेवेतच गणला जातो. कायम झाल्याच्या दिनांकापासून वर्षे मोजल्यास सेवा चुकीने कमी दिसते.

दीर्घ सेवेत आजारपण, अपघात, रजा, टाळेबंदी, कायदेशीर संप, तात्पुरती कामबंदी असे खंड पडतातच. कर्मचाऱ्याच्या चुकीशिवाय पडलेल्या अशा खंडांमुळे सेवेची अखंडता तुटत नाही. विनापरवाना गैरहजेरीचा काळदेखील आपोआप सेवेतून वगळला जात नाही. त्यासाठी नियोक्त्याने लागू असलेल्या स्थायी आदेशांनुसार किंवा सेवानियमांनुसार ती गैरहजेरी ‘सेवेतील खंड’ ठरवणारा आदेश काढलेला असावा लागतो.

या अर्थाने सेवा अखंड नसलेल्या कर्मचाऱ्यासाठी कायद्यात दुसरी कसोटी आहे. संबंधित बारा महिन्यांत त्याने किमान २४० दिवस काम केले असल्यास ते वर्ष अखंड सेवेचे मानले जाते. जमिनीखालील खाणीत काम करणाऱ्यांसाठी आणि आठवड्यातून सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनांसाठी ही संख्या १९० आहे. भरपगारी रजा, नोकरीतील अपघातामुळे आलेली तात्पुरती असमर्थता व प्रसूती रजा यांचे दिवस कायद्यातील अटींनुसार कामाचे दिवस म्हणून मोजले जातात. कापडगिरण्यांसारख्या उद्योगांत बदली कामगारांच्या सेवेविषयी ही कसोटी विशेष महत्त्वाची ठरते, कारण त्यांना वर्षभर नियमित काम मिळतेच असे नाही. त्यांच्या बाबतीत एकूण वर्षे मोजण्याआधी प्रत्येक वर्षाची हजेरी पाहावी लागते.

## उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. एका कारखान्यातील कर्मचारी १२ जून १९९६ रोजी रुजू झाला आणि ३१ जानेवारी २०२५ रोजी निवृत्त झाला. निवृत्तीच्या वेळी त्याचे मासिक वेतन पुढीलप्रमाणे होते :

| घटक | मासिक रक्कम (रुपये) | १९७२च्या अधिनियमानुसार गणनेत |
|---|---|---|
| मूळ वेतन | ३१,२०० | होय |
| महागाई भत्ता | ७,८०० | होय |
| घरभाडे भत्ता | १५,६०० | नाही |
| प्रवास भत्ता | ४,४०० | नाही |
| विशेष भत्ता | ६,५०० | नाही |
| एकूण | ६५,५०० | |

प्रथम अंतिम वेतन ठरवावे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ३९,००० रुपये होतात. उरलेले २६,५०० रुपये गणनेत येत नाहीत.

नंतर सेवेची वर्षे मोजावीत. १२ जून १९९६ ते ११ जून २०२४ या काळात २८ वर्षे पूर्ण होतात. १२ जून २०२४ ते ३१ जानेवारी २०२५ हा उरलेला काळ ७ महिने २० दिवसांचा आहे. तो सहा महिन्यांपेक्षा जास्त असल्याने सेवा २९ वर्षे धरली जाते.

आता एका दिवसाचे वेतन ३९,००० ÷ २६ = १,५०० रुपये येते. पंधरा दिवसांचे वेतन १,५०० × १५ = २२,५०० रुपये होते. २९ वर्षांचे उपदान २२,५०० × २९ = ६,५२,५०० रुपये होते. ही रक्कम कमाल मर्यादेच्या आत असल्याने पूर्ण देय आहे.

नेहमी होणाऱ्या चुकांमुळे हीच रक्कम कशी बदलते, हे पाहिल्यास हिशेबातील दोष ओळखणे सोपे जाते. २६ऐवजी ३०ने भागल्यास उत्तर ५,६५,५०० रुपये येते, म्हणजे कर्मचाऱ्याचे ८७,००० रुपयांचे नुकसान होते. शेवटचे सात महिने सोडून २८ वर्षेच धरल्यास ६,३०,००० रुपये येतात. महागाई भत्ता विसरून केवळ मूळ वेतन धरल्यास रक्कम ५,२२,००० रुपयांवर येते. उलट, एकूण पगार ६५,५०० रुपये हेच वेतन मानल्यास सुमारे १०,९५,८६५ रुपये येतात. परंतु १९७२च्या अधिनियमानुसार एवढ्या रकमेचा हक्क नाही.

नियोक्त्याने केवळ अंतिम रक्कम कळवली असेल, तर उलट दिशेनेही पडताळणी करता येते. मिळालेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी भागावे. भागाकार मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या बरोबर निम्मा आला, तर हिशेबात ३०चा भाजक वापरलेला आहे. योग्य हिशेबात हा भागाकार त्या वेतनाच्या सुमारे ५७.७ टक्के असतो. वरील उदाहरणात तो २२,५०० रुपये, म्हणजे ३९,००० रुपयांच्या निम्म्याहून ३,००० रुपयांनी अधिक आहे.

## कमाल मर्यादा

सूत्राने येणारी रक्कम कितीही असली तरी कायद्याने बंधनकारक उपदानाला वरची मर्यादा आहे. आरंभी ती वीस महिन्यांच्या वेतनाइतकी होती. पुढे ती रुपयांत निश्चित करण्यात आली आणि वेळोवेळी वाढवली गेली. २४ मे २०१० पासून ती १० लाख रुपये आणि २९ मार्च २०१८ पासून २० लाख रुपये झाली. सेवा ज्या दिवशी संपली त्या दिवशी लागू असलेली मर्यादा धरली जाते. त्यामुळे मर्यादा वाढण्याच्या काही दिवस आधी निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याला नंतरच्या वाढीचा लाभ कायद्याने मिळत नाही.

मर्यादेचा परिणाम प्रामुख्याने जास्त वेतन व दीर्घ सेवा यांच्या संयोगात दिसतो. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १,५६,००० रुपये आणि सेवा ३० वर्षे असल्यास सूत्राने २७ लाख रुपये येतात. परंतु बंधनकारक रक्कम २० लाखच राहते. ३० वर्षांच्या सेवेसाठी मासिक वेतन सुमारे १,१५,५५६ रुपयांच्या पुढे गेले की मर्यादा आड येते.

ही मर्यादा कायद्याने बंधनकारक असलेल्या रकमेपुरती आहे. करार, निवाडा किंवा सेवाशर्ती यांनुसार कर्मचाऱ्याला अधिक चांगल्या अटी मिळत असतील, तर त्यांचा हक्क कायद्याने अबाधित ठेवला आहे. त्यामुळे आस्थापनेच्या स्वतःच्या योजनेत मर्यादा नसेल किंवा पंधराऐवजी अधिक दिवसांचे वेतन ठरले असेल, तर हिशेब त्या योजनेप्रमाणेही करून पाहावा लागतो आणि अधिक लाभदायक अटी लागू होतात.

## मासिक वेतन नसलेले कर्मचारी

रोजंदारीवरील कर्मचाऱ्याचा दिवसाचा दर आधीच ठरलेला असल्याने २६ने भागण्याची गरज नसते. शेवटच्या रोजंदारीला थेट १५ने आणि मग वर्षांनी गुणले जाते. नगावर म्हणजे उक्त्या दराने काम करणाऱ्याची कमाई दर महिन्याला बदलते. म्हणून सेवा संपण्याच्या लगतच्या तीन महिन्यांतील एकूण कमाईच्या सरासरीवरून दिवसाचे वेतन काढतात. त्यात अतिकालिक कामाचे पैसे धरले जात नाहीत. हंगामी आस्थापनेत वर्षभर काम नसलेल्या कर्मचाऱ्याला प्रत्येक हंगामासाठी सात दिवसांचे वेतन या दराने उपदान मिळते.

## सामाजिक सुरक्षा संहितेनंतरची गणना

‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि उपदानविषयक तरतुदी तिच्यात समाविष्ट झाल्या. सेवेच्या दर वर्षी पंधरा दिवसांचे वेतन, सव्वीसचा भाजक आणि सहा महिन्यांहून अधिक भागाचे पूर्ण वर्ष हे नियम संहितेत तसेच ठेवले आहेत. बदल झाला तो मुख्यतः वेतनाच्या व्याख्येत.

जुन्या अधिनियमात ‘इतर कोणताही भत्ता’ वगळलेला होता. संहितेत वगळावयाच्या घटकांची यादी दिली आहे. त्यात घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, बोनस, कमिशन, अतिकालिक भत्ता, भविष्य निर्वाह निधीतील नियोक्त्याचे अंशदान इत्यादींचा समावेश होतो. यादीत न बसणारा भत्ता वेतनात धरला जातो, असा या व्याख्येचा सरळ अर्थ आहे. शिवाय वगळलेले घटक मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक होत असतील, तर निम्म्यावरील रक्कम वेतनात मिळवावी लागते. उदाहरणार्थ, एकूण मोबदला ६०,००० रुपये असून वगळलेले घटक ४०,००० रुपयांचे असल्यास, ३०,००० रुपयांवरील १०,००० रुपये वेतनात परत येतात आणि उपदानासाठी वेतन २०,०००ऐवजी ३०,००० रुपये होते. मूळ वेतन कमी व भत्ते जास्त ठेवून उपदानाचा भार हलका करण्याच्या पद्धतीला या तरतुदीमुळे मर्यादा येते.

वरील उदाहरणातील कर्मचाऱ्याइतकीच सेवा व तेवढाच पगार असलेला कर्मचारी संहिता लागू झाल्यानंतर निवृत्त झाला, असे मानू. त्याचा ६,५०० रुपयांचा विशेष भत्ता यादीतील कोणत्याही घटकात मोडत नसल्यास वेतन ४५,५०० रुपये होईल. घरभाडे व प्रवास भत्त्याचे २०,००० रुपये एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी असल्याने त्यांतील काहीही परत मिळवावे लागणार नाही. एका दिवसाचे वेतन १,७५० रुपये, पंधरा दिवसांचे २६,२५० रुपये आणि २९ वर्षांचे उपदान ७,६१,२५० रुपये होईल. जुन्या व्याख्येपेक्षा ही रक्कम १,०८,७५० रुपयांनी अधिक आहे. म्हणून हिशेब करण्यापूर्वी सेवा कोणत्या दिनांकाला संपली, हे पाहणे आवश्यक ठरते.

## प्रदान व विलंब

कर्मचाऱ्याने अर्ज केला असो वा नसो, उपदान देय होताच रक्कम निश्चित करून ती कर्मचाऱ्याला व नियंत्रक प्राधिकाऱ्याला लेखी कळवणे हे १९७२च्या अधिनियमानुसार नियोक्त्याचे कर्तव्य आहे. देय दिनांकापासून तीस दिवसांत रक्कम द्यावी लागते. विलंब झाल्यास सरळव्याज द्यावे लागते. या अधिनियमाखाली अधिसूचित झालेला दर द.सा.द.शे. १० आहे. वरील उदाहरणातील ६,५२,५०० रुपये देय दिनांकानंतर वर्षभर थकले, तर ६५,२५० रुपये व्याज होईल. विलंब कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे झाला असेल आणि त्या कारणासाठी नियोक्त्याने नियंत्रक प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतली असेल, तरच व्याजातून सूट मिळते.

रकमेविषयी वाद असल्यास नियोक्त्याला जेवढी रक्कम मान्य असेल तेवढी नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते आणि उरलेल्या रकमेचा निर्णय तो प्राधिकारी देतो. अशा वेळी रुजू झाल्याचा दिनांक दाखवणारे नियुक्तिपत्र, शेवटच्या पूर्ण महिन्याचे पगारपत्रक आणि सेवामुक्तीचे पत्र ही तीन कागदपत्रे निर्णायक ठरतात, कारण सूत्रातील दोन्ही बदलत्या राशी त्यांवरूनच सिद्ध होतात.

## शासकीय कर्मचारी

केंद्र व राज्य शासनाच्या सेवेत असून उपदानाविषयी वेगळ्या कायद्याने किंवा नियमांनी बांधलेले कर्मचारी १९७२च्या अधिनियमाच्या कक्षेत येत नाहीत. केंद्रीय नियमांनुसार सेवानिवृत्ती उपदान काढताना पूर्ण झालेल्या प्रत्येक सहामाहीसाठी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेचा एक चतुर्थांश धरतात. एकूण रक्कम अशा मासिक वेतनाच्या साडेसोळा पटींपेक्षा जास्त होऊ शकत नाही. १ जानेवारी २०२४ पासून या उपदानाची कमाल मर्यादा २५ लाख रुपये आहे. येथेही आधार अंतिम वेतनाचाच असतो, परंतु २६चा भाजक वापरला जात नाही. त्यामुळे खासगी आस्थापनेतील कर्मचाऱ्याचा हिशेब शासकीय सूत्राने किंवा शासकीय कर्मचाऱ्याचा हिशेब खासगी सूत्राने केल्यास उत्तर चुकते.